पाच ग्लास, एक जेवण

नमस्कार मंडळी. सगळे बसलात ना? समोरचे पाच ग्लास बघून दडपण घेऊ नका. काटेचमचे डावीकडून की उजवीकडून, याचीही आज परीक्षा नाही.

पाचही वाइन आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या आहेत. प्रत्येकीचे ७५ मिली ओतू, म्हणजे जेवण संपेस्तोवर माणशी अर्धी बाटली होते. कमी वाटते, पण चढते. मध्ये मध्ये पाणी घ्या. एखादी नाही आवडली तर टेबलावरच्या स्टीलच्या भांड्यात खुशाल ओतून द्या. मला राग येत नाही, मीही रोज तेच करते. गाडी चालवून घरी जाणाऱ्यांसाठी द्राक्षाचा ताजा रस ठेवलाय.

वाइनमध्ये कुणाला लिची सापडते, कुणाला ओली माती. तुम्हाला नाही सापडली तर बिघडलं नाही. एवढंच बघा: घासानंतर पुन्हा घोट घ्यावासा वाटतो का?

सुरुवात स्पार्कलिंगने. तिचे बुडबुडे वरून भरलेले नाहीत. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते, तो वायू आत कोंडला जातो. सोबत कोथिंबीर वडी आहे, कारण तळणीवर असा आंबटपणा झकास लागतो. मग सॉव्हिन्यों ब्लां, हिरव्या वासाची, थोडी तिखट स्वभावाची. तिच्यावर फार बोलत नाही, ती स्वतःच बोलते.

तिसरी शेनिन ब्लां. हे वाण मूळचं फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं, पण नाशिकला चांगलंच रुळलंय. इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. त्यामुळे द्राक्षं थंडीत पिकतात, आणि आत्ता फेब्रुवारीत काढणी जोरात आहे. आजची शेनिन किंचित गोडसर निवडली, कारण सोबत कोळंबीचं तिखट आहे. तिखटाला थोडी गोडी लागते. कोरडी, जास्त अल्कोहोलची वाइन घेतलीत तर जीभ आणखी पेटते.

म्हणूनच चौथ्या, शिराझसोबतच्या मटणात शेफनी मिरची आवरती घेतली आहे आणि मिरी वाढवली आहे. कोल्हापूरकरांनी माफ करावं. लाल वाइन सालीसकट आंबवतात, त्यातून रंग येतो आणि कडक चहासारखा तुरटपणाही. पहिला घोट नुसता घ्या, दुसरा मटणाचा घास खाऊन. तुरटपणा मऊ होतो. ही बाटली थोडी गार करून आणली आहे, कारण ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांसाठी होता.

शेवटी लेट हार्वेस्ट, वेलीवर जास्त दिवस ठेवलेल्या द्राक्षांची गोड वाइन. तिच्यापुढे गुलाबजाम ठेवले तर ती आंबट लागेल, म्हणून पेरू आणि चक्का, साखर अगदी बेताची.

चला, पहिली ओततोय. ग्लास देठाला धरा, हाताच्या उबेने वाइन तापते. आधी एक घोट, मग वडी, मग पुन्हा घोट. चिअर्स!