फिलोमिनाला ईस्टरच्या शुभेच्छा

प्रिय फिलोमिना,

ईस्टरच्या तुला आणि घरातल्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा!

काल मध्यरात्री चर्चची घंटा वाजली, तेव्हा मी जागीच होते. पवित्र गुरुवारपासून ती गप्प होती. शुक्रवारी मी मुद्दामच तुला कसल्या शुभेच्छा दिल्या नाहीत. येशूच्या मरणाचा तो दिवस. आज मात्र मोकळेपणाने म्हणते: प्रभू येशू उठला आहे, तुझा सण आनंदाचा होवो.

आंतोनभावजींशिवायचा हा तुझा पहिला ईस्टर. पहाटे अंधार असतानाच मग्दालिया मरिया कबरीपाशी गेली आणि रडत उभी राहिली, ही गोष्ट तूच मला ओट्यावर बसून सांगितली होतीस. तिला येशूने नावाने हाक मारली, मग तिने त्याला ओळखलं. यंदा ती गोष्ट सारखी आठवते आहे. भावजी पुन्हा भेटतील हा तुझा विश्वास या सणाने आणखी घट्ट होवो.

चाळीस दिवस तू मासळी सोडलीस. आपल्या वेंगुर्ल्यात हे काय असतं ते मला ठाऊक आहे! आज पोटभर जेव. शिरवाळे आणि नारळाचा रस पोरीबरोबर पाठवते आहे, शिवाय कलमाचे पहिले सहा हापूस. दोन अजून आढीत ठेवावे लागतील.

संध्याकाळी भावजींच्या कबरीवर फुलं वाहायला जाशील तेव्हा मला हाक मार. अबोलीचा वळेसर करून ठेवते.

तुझी,
शेजारीण सुनंदा