नोटीस आणि तिला दिलेला खुलासा

बृहन्मुंबई महानगरपालिका
एस विभाग कार्यालय, भांडुप (पश्चिम), मुंबई ४०० ०७८
इमारत व कारखाने खाते

जा. क्र. एस/इवका/१८४/२०२५
दिनांक: २ जून २०२५

प्रति,
श्री. मोहन सखाराम घाडीगावकर,
घर क्र. ७, न. भू. क्र. ४१२/७, टेकडी गल्ली,
भांडुप (पश्चिम), मुंबई ४०० ०७८

विषय: मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५१ अन्वये कारणे दाखवा नोटीस

ज्याअर्थी, दिनांक २८ मे २०२५ रोजी या कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या स्थळपाहणीत आपण उपरोक्त मिळकतीवर कलम ३४२ व ३४७ मधील तरतुदींचे पालन न करता पुढील काम केल्याचे आढळून आले आहे:

(अ) घराचे छप्पर नव्याने बांधून उंची अंदाजे १० फुटांवरून १४ फुटांपर्यंत वाढविणे;
(ब) आतील बाजूस अंदाजे १२ फूट × ८ फूट मापाचा लाकडी माळा करणे;
(क) मागील गल्लीच्या मोकळ्या जागेत अंदाजे ५ फूट × ३ फूट मापाची विटांची न्हाणी बांधणे.

त्याअर्थी, सदर काम काढून का टाकण्यात येऊ नये, याबाबत ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत स्वतःच्या सहीने लेखी खुलासा सादर करावा. कलम ३५१ मधील ७ दिवस आणि मा. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्देशांतील १५ दिवस यांपैकी नंतर संपणारी मुदत येथे धरली आहे. खुलाशासोबत मालमत्ता पत्रक, करनिर्धारण खात्याचा निरीक्षण उतारा, मंजूर नकाशा किंवा परवानगी असल्यास तिची प्रत, तसेच बांधकाम निवासी वापराकरिता १७ एप्रिल १९६४ पूर्वीपासून अस्तित्वात असल्याचा दावा असल्यास त्याचे पुरावे जोडावेत. खुलासा आवक कक्षात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. तोंडी खुलासा विचारात घेतला जाणार नाही.

आपली वैयक्तिक सुनावणी मंगळवार, दिनांक २४ जून २०२५ रोजी सकाळी ११.३० वाजता या कार्यालयात ठेवली आहे. आपण स्वतः किंवा लेखी अधिकारपत्र दिलेला प्रतिनिधी हजर राहू शकतो. खुलासा न आल्यास किंवा समाधानकारक न वाटल्यास उपलब्ध कागदपत्रांवरून आदेश काढला जाईल. त्यानंतर काम काढण्याचा खर्च आपल्याकडून वसूल केला जाईल व कलम ४७५अ अन्वये कारवाई होऊ शकेल.

दरम्यान आणखी कोणतेही काम करू नये. दर्शनी बाजूचा ओटा रस्त्याच्या हद्दीत येतो किंवा कसे, हा कलम ३१४ चा वेगळा विषय असून तो या नोटिशीत घेतलेला नाही.

पदनिर्देशित अधिकारी,
एस विभाग

खुलासा

दिनांक: ९ जून २०२५

प्रति,
मा. पदनिर्देशित अधिकारी,
एस विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका,
भांडुप (पश्चिम), मुंबई ४०० ०७८

विषय: आपली नोटीस जा. क्र. एस/इवका/१८४/२०२५, दि. २ जून २०२५
संदर्भ: मुं. म. न. पा. अधिनियम, १८८८, कलम ३५१

महोदय/महोदया,

आपली नोटीस मला दिनांक ४ जून २०२५ रोजी नोंदणीकृत टपालाने मिळाली आणि त्याच दिवशी तिची प्रत दारावरही चिकटवण्यात आली. खुलाशाला १५ दिवस असले तरी मी कायद्यातल्या ७ दिवसांच्या आतच देत आहे, म्हणजे तारखेचा प्रश्न पुढे कुणी काढायला नको.

नोटिशीत तीन बाबी आहेत. त्यांची मी तीन वेगळी उत्तरे देतो, कारण तिन्हींचे कूळ एक नाही. दोन बाबी जुन्या आहेत, त्यांत फक्त दुरुस्ती झाली. तिसरी माझ्याकडून झालेली आहे आणि ती मी नाकारत नाही.

बाब (अ), छप्पर. हे घर माझ्या वडिलांनी १९६१ साली बांधले. करनिर्धारण खात्याच्या १९६३-६४ च्या निरीक्षण उताऱ्यात त्याची नोंद "तळमजला, माळ्यासह, कौलारू" अशी आहे. उताऱ्याची साक्षांकित प्रत जोडली आहे. नोटिशीत म्हटलेल्या १७ एप्रिल १९६४ च्या आधीचे हे घर आहे, हे त्यावरून दिसेल.

छप्पर यंदा मे महिन्यात उतरवून पुन्हा चढवले, हे खरे आहे. मागल्या पावसात आईच्या खाटेवर पाणी गळत होते, तिला रात्री तीनदा उठवून खाट हलवावी लागे. काम १० मे रोजी सुरू करून २२ मे रोजी संपवले. पाऊस यंदा २६ मे लाच मुंबईत येऊन ठेपला, त्यामुळे चार दिवस जरी उशीर झाला असता तरी आम्ही उघड्यावर असतो. छपरावर साधारण ४५० कौले आहेत. त्यातली १६० नवीन, बाकी जुनीच उतरवून, घासून परत बसवली. नवी आणि जुनी कौले आजही खालून ओळखता येतात. जुन्यांवर शेवाळाचा काळा थर आहे आणि पाठीवर कारखान्याचा जुना छाप आहे. पाच कुजलेले वासे तेवढे बदलले, तेही लाकडाचेच. आढे जागच्या जागी आहे. चारही भिंतींना आम्ही हात लावलेला नाही.

कलम ३४२ मध्ये राहण्याजोग्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही आणि त्याच साहित्याने छप्पर बदलणे त्या दुरुस्तीत मोजले आहे. आडवी-उभी मापे बदलली किंवा भारवाहक भिंतीचे घटक काढले, तर ती सवलत मिळत नाही, हेही त्याच कलमात आहे. म्हणून खरा प्रश्न एकच उरतो: उंची वाढली का?

माझे म्हणणे आहे की वाढलेली नाही. आमची वस्ती उतारावर आहे. पुढच्या दारातून जमिनीपासून आढ्यापर्यंत सुतारी टेपने १० फूट २ इंच भरतात. मागची गल्ली मात्र आमच्या जमिनीपेक्षा ३ फूट १० इंच खाली आहे. दोन्ही मिळून बरोबर १४ फूट होतात. पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी मागून माप घेतले असावे असे वाटते. त्यात त्यांची चूक मी म्हणत नाही, मागून पाहिले तर घर उंचच दिसते. याची दुसरी खूण म्हणजे शेजारचे घर क्र. ६. आमच्या आणि त्यांच्या घराची एकच सामाईक भिंत आहे आणि दोन्हींची पाखं एका रेषेत उतरतात. आमचे छप्पर चार फूट वर गेले असते, तर मधली भिंत त्यांच्या कौलांच्या वर उघडी पडली असती. शेजाऱ्यांचे तसे लेखी पत्र आणि दोन्ही पाखांचा एकत्र काढलेला फोटो सोबत आहे.

बाब (ब), माळा. वर दिलेल्या निरीक्षण उताऱ्यात "माळ्यासह" हा शब्द आहे, तोच हा माळा. फळ्यांना वाळवी लागली होती. त्या काढून त्याच मापाच्या नव्या बसवल्या. खालच्या बहालाला हात लावला नाही. माळ्याची जमीन ६ फूट ६ इंचांवर आहे, म्हणजे वर आढ्याखालीही पावणेचार फूट उरत नाहीत आणि कडेला तर रांगतही जाता येत नाही. तिथे कुणी राहत नाही. गणपतीचे मखर, आईची तांब्याची भांडी आणि बहिणीच्या लग्नातल्या दोन ट्रंका एवढेच तिथे आहे. २०१७ च्या गणपतीतला एक फोटो जोडला आहे. त्यात मखराच्या मागे माळ्याची जुनी फळी आणि शिडी दिसते. फोटो आरतीचा आहे, माळ्याचा नव्हे, त्यामुळे मला तो पुरावा जास्त खरा वाटतो.

बाब (क), मागची न्हाणी. ही मी २०११ साली परवानगीशिवाय बांधली. त्या वर्षी आईचे खुब्याचे हाड मोडले होते आणि घरातल्या जुन्या मोरीत तिला खाली बसता येत नव्हते. कारण खरे असले तरी जागा आमची नाही, गल्लीची आहे, त्यामुळे ती कायम करून मागण्यात अर्थ नाही आणि मी तसा अर्जही करणार नाही. न्हाणी मी स्वतः काढतो. फक्त आईच्या अंघोळीची सोय आधी आत करावी लागेल. ती आता ८४ वर्षांची आहे. जुनी मोरी आहे त्या मापात ठेवून, भिंतीला आधाराचा दांडा लावून आणि बसायचा स्टूल ठेवून ते होईल. त्यासाठी ३० जून २०२५ पर्यंत मुदत मिळावी. काम झाल्यावर त्याचे फोटो मी कार्यालयात आणून देईन.

ओट्याबाबत नोटिशीतच तो वेगळा विषय म्हटला आहे. हद्द मोजून घ्यायला माझी हरकत नाही. नगर भूमापनाची मोजणी झाल्यावर ओटा रस्त्यात येत असेल, तर तोही मी काढीन.

तक्रार कुणाची होती, हे मी विचारत नाही. याच गल्लीत राहायचे आहे.

तरी माझी विनंती अशी की, सुनावणीपूर्वी आपल्या कार्यालयाने माझ्या समक्ष पुन्हा स्थळपाहणी करावी, उंचीचे माप पुढच्या जमिनीपासून आणि मागच्या गल्लीपासून असे दोन्हीकडून घ्यावे आणि ते पंचनाम्यात वेगवेगळे लिहावे. माझा भाचा परवानाधारक सर्व्हेअर आहे, तो हजर राहील. बाबी (अ) व (ब) वरील कारवाई मागे घ्यावी. तीनही बाबींवर एकत्र आदेश न देता प्रत्येकीवर वेगळे कारण द्यावे, कारण मा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे केवळ काही भाग बेकायदा आहे का आणि पाडणे हाच एक मार्ग का, हे आदेशात सांगावे लागते. आदेश माझ्याविरुद्ध गेला, तर त्याच निर्देशांप्रमाणे अंमलबजावणीपूर्वी मला १५ दिवस मिळावेत. आदेशाची प्रत नोंदणीकृत टपालाने वरील पत्त्यावरच पाठवावी. दिवसा घरी आई एकटी असते आणि ती कागद घेऊन देवापुढे ठेवते. नोटीसही मला तिथेच, समईखाली सापडली.

मंगळवारी २४ जून रोजी ११.३० वाजता मी स्वतः हजर राहीन. नोटीस आल्यापासून घरात एक खिळाही ठोकलेला नाही. मोरीचे कामही आपण लेखी कळवल्यावरच सुरू करीन.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

आपला विश्वासू,
मोहन सखाराम घाडीगावकर
(निवृत्त छापखाना कामगार)

सोबत: मालमत्ता पत्रक, निरीक्षण उतारा १९६३-६४, चालू वर्षाचे मालमत्ता कराचे बिल, १६० कौलांचे आणि लाकडाचे बिल, मे २०२५, काम सुरू होण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो, मागे तारीख लिहून, २०१७ चा गणपतीतला फोटो, घर क्र. ६ चे पत्र. हाताने काढलेला घराचा उभा छेद, पुढच्या-मागच्या जमिनीच्या मापांसह. मूळ कागद सुनावणीला दाखवण्यासाठी आणीन, इथे जोडलेल्या सर्व झेरॉक्स प्रती आहेत.

पोच: खुलाशाची एक प्रत व वरील जोडपत्रे, एकूण १९ पाने, दि. ९ जून २०२५ रोजी आवक कक्षात मिळाली.