रेड वाइनच्या टाकीतून चोथा काढणे: सुरक्षा प्रशिक्षण व्हिडिओची संहिता

स्थळ: दिंडोरी रस्त्यावरची वायनरी, टाकी क्र. 7, क्षमता 10,000 लिटर. प्रेक्षक: हंगामी कामगार, सुपरवायझर, पंपवाले. पडद्यावरच्या पाट्या मोठ्या अक्षरात हव्यात. "थांबा" लिहिलंय तिथे चित्र गोठवायचं, 30 सेकंद पूर्ण जाऊ द्यायची आणि उत्तर त्यानंतरच दाखवायचं. चित्रीकरण धुतलेल्या, रिकाम्या टाकीवरच करायचं. खऱ्या चोथ्याच्या टाकीत कॅमेरावालासुद्धा जाणार नाही.

दृश्य 1. सकाळ. द्राक्षाचे क्रेट उतरतायत. कॅमेरा टाकीच्या खालच्या दारावर येतो.

निवेदन: जानेवारी ते मार्च हंगामाची घाई असते. शिराझची वाइन काढून घेतली, आता टाकीत चोथा उरलाय. तो दिसतो ओला आणि थंड, पण त्यातून अजून वायू निघतोय. एक लिटर रस आंबताना साधारण 50 लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, आणि आंबल्याच्या वासात तो ओळखूही येत नाही. हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी आणि नाल्याच्या खड्ड्यात साचून राहतो.

पाटी: डोकं दारातून आत गेलं, म्हणजे माणूस आत गेला.

निवेदन: फावडं आत, माणूस बाहेर, हे चालतं. "जरा वाकून बघतो" हे चालत नाही.

दृश्य 2. एक कामगार लांब दांड्याच्या दाताळ्याने दारातून चोथा ओढतोय, खाली ट्रॉली.

निवेदन: पायरी पहिली. बाहेरूनच काढा. दार उघडण्याआधी खालची सॅम्पल तोटी उघडून पाहा. धार लागली तर आत वाइन शिल्लक आहे, दाराला हात लावू नका. धार नसेल तर दाराच्या समोर उभं न राहता बाजूला उभे राहून चाक हळू सोडा. चोथा दाबाखाली असतो, दार सुटताच तो पायावर येतो. वरचं झाकणही उघडा. बाहेर आलेला वायू जमिनीवर पसरतो, म्हणून शेडचे दोन्ही शटर उघडे हवेत आणि नाल्याच्या खड्ड्यापाशी कोणी बसायचं नाही. बहुतेक चोथा दाताळ्यानेच निघतो. मागच्या कोपऱ्यात थोडा उरतो, आणि माणूस आत जातो तो त्याच थोड्यासाठी.

दृश्य 3. स्टार्टरवर कुलूप लागतंय. जवळून चित्र: किल्ली खिशात जाते.

निवेदन: पायरी दुसरी. टाकीला येणारं सगळं तोडा. मस्टच्या पंपाचा होज काढून ठेवा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, पलीकडचा माणूस दुसऱ्या टाकीसाठी तोच पंप चालू करतो. नायट्रोजनची नळी टाकीपासून सोडवा. चोथा ढकलणाऱ्या स्क्रूच्या स्टार्टरला आपलं कुलूप लावा, किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात राहील. मग स्टार्टरचं बटण दाबून पाहा, स्क्रू फिरता कामा नये.

थांबा. प्रश्न 1: नायट्रोजनला विषारी कोणी म्हणत नाही. मग ती नळी का सोडवायची?

उत्तर: नायट्रोजन हवेची जागा घेतो. ऑक्सिजन संपतो, गुदमरल्यासारखं वाटतही नाही, माणूस सरळ खाली कोसळतो.

दृश्य 4. ब्लोअर सुरू. डक्ट वरच्या झाकणातून तळापर्यंत सोडलेला.

निवेदन: पायरी तिसरी. ब्लोअर तासाला 500 घनमीटर हवा देणारा. टाकी 10 घनमीटरची. 20 मिनिटं चालवा, म्हणजे टाकीतली हवा सुमारे 16 वेळा बदलते. डक्टचं तोंड तळापासून हातभर वर. वरच्या वर हवा मारली तर तळाचा वायू तिथेच राहतो. ब्लोअर शेडच्या बाहेर, जनरेटरपासून लांब ठेवा, नाहीतर धूरच आत ढकलाल. आंबणाऱ्या शेजारच्या टाकीजवळही ठेवू नका. काम संपेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही.

पाटी: वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन टाकीत सोडू नका. एका ठिणगीने कपडे पेटतात.

दृश्य 5. सुपरवायझर मीटर दाखवतो. बाजूला तरुण कामगार.

कामगार: भाऊ, मेणबत्ती सोडून बघू ना. विझली नाही तर उतरतो.

सुपरवायझर: मेणबत्ती जळत राहील आणि तू पडशील. तिच्यावर माणूस सोडत नाहीत.

निवेदन: पायरी चौथी, मोजणी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश ऐका. नेहमीच्या चार-गॅस मीटरवर CO असं दिसतं. तो कार्बन मोनॉक्साइड. आपल्याला CO2 हवा, आणि तो त्या मीटरवर नसतो. "ऑक्सिजन ठीक दिसतोय" एवढ्यावरही जाऊ नका. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. त्यात 4 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन जवळपास 20 टक्के दिसतो आणि मीटर वाजत नाही. पण 4 टक्के ही पातळी जिवाला तात्काळ धोका देणारी आहे. म्हणून दोन्ही मोजायचे, वेगवेगळे.

पाटी: ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के. CO2 0.5 टक्क्यापेक्षा कमी. दोन्ही जुळले तरच पुढे.

निवेदन: बाहेर उभं राहून नळी आत सोडा. वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी 2 मिनिटं. नळी लांब असेल तर हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, पहिला आकडा धरू नका. मग दाताळ्याने चोथा उलथवा आणि तळाशी पुन्हा मोजा. थरात अडकलेला वायू उलथल्यावरच सुटतो.

थांबा. प्रश्न 2: ऑक्सिजन 20.2 टक्के, CO2 2.8 टक्के. आत जायचं का?

उत्तर: नाही. ब्लोअर आणखी 20 मिनिटं, मग तिन्ही ठिकाणी पुन्हा मोजणी.

दृश्य 6. हार्नेस चढवणे. दोर दारातून बाहेर, खांबाला बांधलेल्या विंचवर.

निवेदन: पायरी पाचवी. परवान्यावर आकडे, वेळ आणि सही. अंगावर पूर्ण हार्नेस, दोर पाठीवरच्या कडीला, दोन खांद्यांच्या मधोमध. कंबरपट्ट्याला बांधला तर बेशुद्ध माणूस मध्येच दुमडतो आणि 45 सेंटिमीटरच्या दारात अडकतो. आपण खालच्या दारातून जातो, म्हणून तिपाई इथे उपयोगाची नाही. विंच दाराच्या उंचीवर, समोरच्या खांबाला. दिवा 24 व्होल्टचा. मीटर छातीवर, चालू. धुळीचा मास्क किंवा डबीचा मास्क यात काहीच करत नाही, तो ऑक्सिजन बनवत नाही.

निवेदन: दाराशी एक राखणदार. त्याला दुसरं काम नाही, फोन नाही, चहाही नाही. दर 2 मिनिटांनी हाक, आतून उत्तर. एका वेळी आत एकच माणूस, 15 मिनिटं. जेवणाच्या सुट्टीनंतर जुना परवाना चालत नाही, मोजणी पुन्हा.

दृश्य 7. आतून उत्तर येत नाही. राखणदार विंच फिरवतो, दुसऱ्या हाताने भोंगा.

निवेदन: डोकं दुखलं, धाप लागली, मीटर वाजला, की लगेच बाहेर. उत्तर आलं नाही तर राखणदाराने ओढायचं. आत जायचं नाही. आत पडलेला सख्खा भाऊ असला तरी नाही. नुसता धावत गेलेला दुसरा माणूस पहिल्याच्या शेजारी पडतो. आत जाणारा फक्त पाठीवर हवेचं सिलिंडर लावलेला, शिकलेला बचाव माणूस. 108 आणि 101 ला फोन करा, फाटकावर माणूस उभा करा, दिंडोरी रस्त्यावरून शेड दिसत नाही.

थांबा. प्रश्न 3: दोर अडकला, ओढता येत नाही. राखणदाराने काय करायचं?

उत्तर: ब्लोअर चालूच आहे का ते पाहायचं, भोंगा चालू ठेवायचा, दारातून डोकं न घालता दोर ताणलेला ठेवायचा, बचाव पथकाची वाट पाहायची.

दृश्य 8. माणूस बाहेर आला. कुलूप काढण्याआधी आत कोणी नाही आणि फावडी मोजून बाहेर आहेत, हे बघून परवान्यावर वेळ लिहिली जाते. मग किल्ली.