प्रथम उत्तरतालिकेतील प्रश्न क्रमांक ६७ (संच ब) च्या उत्तरावर हरकत

दिनांक : २५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
सरळसेवा भरती परीक्षा कक्ष

विषय : लिपिक-टंकलेखक संवर्गाच्या लेखी परीक्षेतील सामान्य ज्ञान विभागाच्या प्रश्न क्रमांक ६७ साठी प्रसिद्ध केलेले उत्तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ५(२) व कलम ७(१) शी विसंगत असल्याबाबत.

महोदय,

दिनांक १४ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या वरील परीक्षेस मी लातूर केंद्रावर बसले होते. माझा बैठक क्रमांक ३१०४७२ असून मला प्रश्नपुस्तिकेचा संच ब मिळाला होता. दिनांक २२ सप्टेंबर रोजी संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेल्या प्रथम उत्तरतालिकेतील केवळ एका उत्तराबाबत माझी हरकत आहे. ती विहित मुदतीत आणि हरकत शुल्क भरून सादर करीत आहे.

इतर संचांमध्ये प्रश्नाचा क्रमांक वेगळा असेल, म्हणून प्रश्न पर्यायांसह जसाच्या तसा उतरवून देते :

“माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये माहितीसाठीचा अर्ज राज्य सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे देण्यात आला असल्यास, त्यावर प्रतिसाद देण्याची कमाल मुदत किती दिवसांची आहे?
(१) ३० दिवस (२) ३५ दिवस (३) ४० दिवस (४) ४५ दिवस”

प्रथम उत्तरतालिकेत पर्याय (१), म्हणजे ३० दिवस, हे अचूक उत्तर म्हणून दर्शविले आहे. मी पर्याय (२), म्हणजे ३५ दिवस, निवडला होता आणि अधिनियमाच्या मजकुरानुसार तोच पर्याय अचूक आहे, असे माझे नम्र निवेदन आहे.

माहितीच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर मिळते, हे सर्वसाधारणपणे खरे आहे आणि या कायद्यातली तीच मुदत सर्वांच्या तोंडी बसलेली आहे. परंतु प्रश्न सर्वसाधारण अर्जाबद्दल विचारलेला नाही. अर्ज कोणाकडे दिला गेला, ही अट प्रश्नातच घातलेली आहे आणि नेमक्या त्याच अटीसाठी कायद्याने स्वतंत्र तरतूद केली आहे. कलम ५, पोटकलम (२) अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने उपविभागीय किंवा इतर उपजिल्हा स्तरावर एका अधिकाऱ्याला सहायक जन माहिती अधिकारी म्हणून पदनिर्देशित करावयाचे असते. माहितीचे अर्ज किंवा अपिले स्वीकारणे व ती जन माहिती अधिकारी, अपिलीय अधिकारी किंवा माहिती आयोग यांच्याकडे तात्काळ पाठवणे हे त्याचे काम. माहिती द्यायची की नाकारायची, हा निर्णय त्याच्या हाती नसतो. या पोटकलमाला जोडलेल्या परंतुकाचा आशय असा की, अर्ज किंवा अपील सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे देण्यात आले असेल, तर कलम ७, पोटकलम (१) मध्ये विनिर्दिष्ट केलेल्या प्रतिसादाच्या कालावधीची गणना करताना त्यात पाच दिवसांचा कालावधी मिळवला जाईल.

हे परंतुक आदेशात्मक आहे. पाच दिवस मिळवावेत की मिळवू नयेत, असा विकल्प त्यात कोणालाही दिलेला नाही. मूळ मुदत ३० दिवसांची आणि मिळवायचे दिवस पाच, म्हणून प्रश्नातील परिस्थितीत कमाल मुदत ३५ दिवस होते.

कलम ५ मधील परंतुक व कलम ७ मधील मुदत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि प्रश्नाचा रोख कलम ७ कडे आहे, असे तज्ज्ञ समितीला वाटण्याची शक्यता मी गृहीत धरते. मात्र कलम ७(१) ची सुरुवातच “कलम ५ च्या पोटकलम (२) चे परंतुक किंवा कलम ६ च्या पोटकलम (३) चे परंतुक यांच्या अधीन राहून” अशा आशयाच्या शब्दांनी होते आणि ३० दिवसांचा उल्लेख त्यानंतर येतो. एखादी तरतूद दुसऱ्या तरतुदीच्या “अधीन” ठेवली जाते, तेव्हा त्या दोहोंचा एकाच वेळी प्रश्न आल्यास जिच्या अधीन ठेवले तिचेच म्हणणे चालते, हा कायद्याच्या वाचनाचा प्राथमिक नियम आहे. अर्थात, सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिलेल्या अर्जापुरती ३० दिवसांची मुदत एकटी उभी राहूच शकत नाही, ही गोष्ट ती मुदत सांगणाऱ्या कलमानेच आपल्या पहिल्या ओळीत मान्य केली आहे. माझ्या मते, हा एक मुद्दा प्रस्तुत हरकतीच्या निर्णयासाठी पुरेसा आहे.

तरीही प्रश्नातील चार पर्यायांकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते, कारण प्रश्न तयार करणाऱ्याच्या मनात काय होते याचा अंदाज त्यांवरून येतो. ४० दिवसांचा आकडा कलम ११ च्या पोटकलम (३) मधला आहे. तेथे त्रयस्थ पक्षाची माहिती मागितली गेल्यास त्याचे म्हणणे ऐकून ४० दिवसांत निर्णय घ्यावयाचा असतो. ४५ दिवसांचा आकडा कलम १९(६) मध्ये अपील निकाली काढण्याच्या वाढीव मुदतीसाठी आणि कलम २४(४) मध्ये, राज्याच्या गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांकडून मानवी हक्कांच्या उल्लंघनाबाबत मागितलेल्या माहितीसाठी येतो. ३० दिवस कलम ७(१) चे. राहिले ३५ दिवस. हा आकडा अधिनियमात कोठेही अंकी छापलेला नाही. तो कलम ७(१) चे ३० आणि कलम ५(२) च्या परंतुकाचे ५ यांच्या बेरजेतूनच येतो. ज्याने हा पर्याय प्रश्नात घातला, त्याला परंतुक ठाऊक होते आणि उमेदवाराला ते ठाऊक आहे की नाही हेच त्याला तपासायचे होते, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. उत्तरतालिका तयार होताना पर्यायाचा क्रमांक नजरचुकीने (२) ऐवजी (१) लिहिला गेला असावा, असे मला वाटते. ते खरे असेल तर ही दुरुस्ती केवळ लेखनप्रमादाची ठरेल.

आणखी एका शंकेचा विचार येथेच करते. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांच्या दर्शनी फलकावर सहायक जन माहिती अधिकारी, जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात आणि तिघेही एकाच इमारतीत, कधी कधी एकाच दालनात बसतात. अशा ठिकाणी अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला पाच दिवस कशाला लागतात, असे कोणीही विचारील, आणि व्यवहारात ३० दिवसांचाच हिशेब धरला जातो, असाही युक्तिवाद होऊ शकेल. पण परंतुकात सहायक अधिकारी कोठे बसतो यावरून फरक केलेला नाही. ही तरतूद ज्यांच्यासाठी केली, त्यांचा अर्ज तालुक्याच्या गावी स्वीकारला जातो आणि निर्णय जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या मुख्यालयी होतो. केंद्र शासनाच्या कार्यालयांसाठीचे अर्ज ठरावीक टपाल कार्यालयांत सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे देण्याची सोय आहे, तीही याच पोटकलमाच्या आधारावर. एखाद्या कार्यालयातील सोयीची पद्धत कायद्याचा मजकूर बदलू शकत नाही, आणि प्रश्नाची सुरुवात “अधिनियम, २००५ अन्वये” या शब्दांनी होत असल्याने उत्तर त्या मजकुरावरूनच ठरले पाहिजे. केंद्र शासनाच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या मार्गदर्शिकेतही सहायक अधिकाऱ्यामार्फत आलेल्या अर्जासाठी पाच दिवस अधिक धरावेत, असेच सांगितले आहे.

३० दिवस हे उत्तर स्वीकारल्यास होणारा परिणाम एका साध्या हिशेबाने दाखवता येतो. समजा, अर्ज १ जून रोजी सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला. अर्जाचा दिवस वगळून ३० दिवस १ जुलैला आणि ३५ दिवस ६ जुलैला पूर्ण होतात. कलम ७(२) प्रमाणे मुदतीत निर्णय न दिल्यास माहिती नाकारली असे मानले जाते, कलम ७(६) प्रमाणे मुदत उलटल्यावर माहिती विनामूल्य द्यावी लागते, कलम १९(१) प्रमाणे पहिल्या अपिलाचे ३० दिवस मुदत संपल्यावर मोजले जातात आणि कलम २० प्रमाणे वाजवी कारणाशिवाय विलंब केल्यास दररोज २५० रुपये, एकूण २५,००० रुपयांच्या मर्यादेत, शास्ती बसते. या सर्व परिणामांचे मूळ कलम ७(१) च्या मुदतीत आहे. म्हणजे प्रथम उत्तरतालिका बरोबर मानली, तर ६ जुलैला वेळेत उत्तर देणारा जन माहिती अधिकारी पाच दिवसांच्या १,२५० रुपये शास्तीस पात्र ठरेल. ज्या पदासाठी ही परीक्षा घेतली गेली, त्या पदावरील कर्मचाऱ्याच्या हाती उद्या हेच अर्ज आणि हाच हिशेब येणार आहे.

प्रसिद्ध झालेली उत्तरतालिका बरोबर आहे असे गृहीत धरायचे असते आणि ती चुकीची असल्याचे उमेदवाराने स्पष्टपणे दाखवून द्यावे लागते, तर्कावर तर्क रचून ते सिद्ध करता येत नाही, असे मा. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटले आहे, याची मला जाणीव आहे. प्रस्तुत प्रकरणात पर्यायांच्या आकड्यांवरून मी काढलेला निष्कर्ष बाजूला ठेवला तरी चालेल. कलम ५(२) चे परंतुक आणि कलम ७(१) ची सुरुवात या दोन जागा शेजारी ठेवून वाचल्या, की त्यापलीकडे कोणत्याही तर्काची गरज उरत नाही.

सबब, माझी विनंती अशी की, प्रश्न क्रमांक ६७ (संच ब) व इतर संचांतील त्याच्याशी संबंधित प्रश्नाचे अचूक उत्तर पर्याय “३५ दिवस” असे अंतिम उत्तरतालिकेत सुधारून प्रसिद्ध करावे आणि त्यानुसार सर्व उमेदवारांचे गुण नव्याने मोजावेत. प्रश्न रद्द करण्याचा पर्याय समितीसमोर आल्यास तो स्वीकारू नये, अशीही विनंती आहे. प्रश्नाच्या शब्दरचनेत संदिग्धता नाही, चारांपैकी एकच पर्याय कायद्याला धरून आहे, आणि प्रश्न रद्द झाल्यास परंतुक वाचून बरोबर उत्तर देणारा व न देणारा हे दोघेही एका पातळीवर येतील. प्रत्येक प्रश्नास २ गुण आणि चुकीच्या उत्तरास अर्ध्या गुणाची वजावट असल्याने या एका उत्तरामुळे माझ्या गुणांत अडीच गुणांचा फरक पडतो. गुणवत्ता यादीत एवढ्या फरकाने नाव खाली जाऊ शकते, हे आपणास सांगावयास नको.

समितीने हरकत अमान्य केल्यास, कलम ५(२) चे परंतुक या प्रश्नास का लागू होत नाही, याची कारणे निर्णयासोबत लेखी कळवावीत, ही विनंती.

सोबत अधिनियमाच्या (सन २००५ चा अधिनियम क्रमांक २२) कलम ५, ७, ११, १९, २० व २४ च्या पृष्ठांच्या छायाप्रती, प्रश्नपुस्तिकेतील संबंधित पृष्ठाची प्रत, माझ्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आणि हरकत शुल्क भरल्याची पावती जोडली आहे. कलम ५(२) व कलम ७(१) मधील संबंधित ओळी पेन्सिलने अधोरेखित केल्या आहेत.

आपली विश्वासू,
उमेदवार, बैठक क्रमांक ३१०४७२
प्रश्नपुस्तिका संच ब, लातूर केंद्र