अक्षता टाकायला या! फ्रँकफर्टचा गड्डा, शनिवार 17 जानेवारी 2026

एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!

नमस्कार मंडळी. हे निमंत्रण सोलापुरातून लिहितेय. सुट्टीवर आलेय, आणि होम मैदानावर पाळणे उभे राहायला लागलेत. संध्याकाळी तिकडून चक्कर मारली की भजीचा आणि ओल्या मातीचा वास येतो. मैदानावर पाणी मारून जमीन बसवायचं काम चालू आहे. ज्यांचं लहानपण इथं गेलं त्यांना एवढं वाचूनच कळलं असेल की जानेवारी आला.

यंदा आपल्या मंडळाची संक्रांत नुसती तिळगुळापुरती ठेवायची नाही, सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेसारखी, म्हणजे आपल्या गड्ड्यासारखी करायची, असं दिवाळीतच ठरलं. कारण फ्रँकफर्ट, ऑफनबाख, डार्मश्टाटपर्यंत मोजलं तर आपल्यात सोलापूर जिल्ह्यातली घरं बरीच आहेत, आणि त्यांच्या मुलांना गड्डा म्हणजे आजीच्या फोनमधला व्हिडिओ एवढंच माहीत आहे.

जे सोलापूरचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिद्धेश्वर महाराज म्हणजे सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शिवयोगी. गावाचा तलाव त्यांनी लोकांना हाताशी धरून खोदला, गावाभोवती 68 लिंगं स्थापली. एका कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. महाराज संन्यस्त. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायची परवानगी दिली, अशी आख्यायिका. तेच लग्न सोलापूर दरवर्षी लावतं. आधी नंदीध्वज 68 लिंगांना तैलाभिषेकाला निघतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग दारूकाम. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आणि त्या उंच काठ्या कमरेच्या पट्ट्यावर तोलत चाललेली माणसं बघताना अजूनही माझा श्वास अडकतो.

पण मला विचाराल तर यात्रेचा जीव अक्षतेत आहे. संमतीचं वाचन सुरू होतं, ते कन्नडमधून. ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ असं ऐकू आलं की सगळीकडून तांदूळ उडतात. घरी मराठी बोलणारा, तेलुगू बोलणारा, कन्नड बोलणारा, उर्दू बोलणारा, सगळे त्या क्षणी वऱ्हाडी असतात. तिथे बघ्या कुणीच नसतो. फ्रँकफर्टला आपल्याला नेमकं तेच करायचंय. स्टेजवर चार जण आणि समोर खुर्च्यांवर मोबाईल धरलेले दोनशे जण, असा कार्यक्रम यंदा नाही. खुर्च्या भिंतीला लावणार आहोत. सगळ्यांनी मध्ये उभं राहायचं, लहान मुलांनी पुढे, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता.

यंदाच्या अक्षतेला मी गर्दीत उभी राहून संमतीचं वाचन रेकॉर्ड करून आणणार आहे. तोच आवाज हॉलमध्ये लावू आणि त्यावर अक्षता टाकू. नंदीध्वजाची प्रतिकृती करू या, असं काही जणांनी उत्साहानं सुचवलं होतं. समितीनं विचार करून नको म्हटलं. त्या काठ्या पेलण्याचा मान पिढ्यान् पिढ्या ज्या घरांकडे आहे, तो त्यांचाच राहू दे. आपण महाराजांच्या फोटोची पूजा करू, तेवढं पुष्कळ आहे. दारूकामही नाही, जर्मनीत नववर्षाची रात्र सोडली तर आपल्याला फटाके उडवता येत नाहीत. ते पडद्यावर बघू.

कार्यक्रमाची सुरुवात मात्र चार हुतात्म्यांना वंदन करून होईल. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात त्यांना फाशी दिलं, यंदा 95 वर्षं होतात. यात्रेच्या धामधुमीतही सोलापूर हा दिवस विसरत नाही, आपणही विसरायचं नाही. मोठ्या मुलांपैकी दोघं मराठीत आणि एक जण जर्मनमध्ये ही हकिकत सांगणार आहे. वेळेवर या, ते ऐकायलाच हवं.

आता जेवण. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी (वांगं, गाजर, ओला हरभरा, पावटा, जे मिळेल ते, पण तिळाचं कूट सढळ), मुगाची खिचडी, कढी, शेंगापोळी. आणि वेगळ्या टेबलावर कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कांदा. चटणी इथूनच आणतेय, उखळात कुटलेली, बोटाला तेल लागेल अशी. भाकऱ्या थापायला हात कमी पडतायत. ज्यांना येतात त्यांनी सकाळी नऊला किचनमध्ये यावं, ज्यांना शिकायच्या आहेत त्यांनीही यावं. गेल्या वर्षी पुण्याची आणि नागपूरची मंडळी शेजारी उभी राहून भाकरी शिकली, तो तास सगळ्यांना आवडला होता.

दुपारी हळदीकुंकू आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं बोरन्हाण. बोरं विमानातून आणता येत नाहीत, त्यामुळे चुरमुरे, हलवा, मनुका आणि गोळ्या. हलव्याचे दागिने नव्या पेठेतून घेतलेत, तीन बाळांना पुरतील. आणखी हवे असतील तर लगेच सांगा.

सोलापुरातल्या आई-बाबांना, काका-काकूंना वेगळी विनंती. मुलांसाठी काही पाठवायचं असेल तर 13 तारखेपर्यंत माझ्याकडे पोचवा. पत्ता तुमच्या मुलांकडे आहे. एका घराचं एक किलो, त्याहून जास्त जमणार नाही. चटणी, तिळगूळ, शेंगापोळी, टॉवेल, सगळं चालेल. पेढे, खवा, तूप मात्र देऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात आणि जीव हळहळतो. आणि त्या दिवशी तुम्हीही आमच्यासोबत असायचंय. तिकडे सकाळचे साडेअकरा म्हणजे तुमचे दुपारचे चार. हातात चार अक्षता घेऊन व्हिडिओ कॉलवर या. तुमच्या घरात टाकलेल्या अक्षता आम्हाला पोचतील.

ठिकाण: ग्रीसहाइमचा आपला नेहमीचा हॉल, एस-बान स्टेशनपासून चालत दहा मिनिटं.
वेळ: सकाळी 10:30 ते संध्याकाळी 5. अक्षता बरोबर 11:30 ला.
वर्गणी: मोठ्यांना 18 युरो, बारा वर्षांखाली काही नाही. विद्यार्थ्यांना 8 युरो. ज्यांना तेवढंही या महिन्यात जड जात असेल त्यांनी समितीतल्या कुणालाही एक मेसेज करावा, पुढे कुणी काही विचारणार नाही.
नोंदणी: 11 जानेवारीपर्यंत, बायोमधल्या लिंकवर. किती माणसं हे कळलं तरच भाकरीचं पीठ मळता येईल.

पोशाखाचं बंधन नाही. पण घरात पांढरं असेल तर पांढरं घाला, बाराबंदीची आठवण म्हणून. इरकल, पैठणी, काळी साडी, सगळं छान दिसेल.

नुकतेच आलेले, अजून कुणी ओळखीचं नसलेले विद्यार्थी आणि नवीन नोकरीवाले, तुम्ही तर याच. मराठी येत नसलेल्या जोडीदाराला, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या मित्रांनाही आणा. अक्षता हातात घ्यायला भाषा लागत नाही. तांदूळ आम्ही पुरवू, हळद मी सोलापुरातून आणतेय.

भेटू शनिवारी. हर्र बोला हर्र, श्री सिद्धेश्वर महाराज की जय!

#गड्डायात्रा #सोलापूर #सिद्धेश्वरमहाराज #फ्रँकफर्टमराठी #मकरसंक्रांत2026