तुमच्या पगाराच्या मागणीला उत्तर: सीनियर क्वालिटी इंजिनिअर, हिंगणा प्लांट

नमस्कार स्नेहल,

सोमवारचा तुमचा मेल मिळाला. मागणी तुम्ही आडवळण न घेता, आकडा आणि त्यामागची कारणं सांगून केलीत, ते आवडलं. उत्तराला दोन दिवस लागले. क्वालिटी हेड आणि डायरेक्टर साहेब दोघांशी बसून बोलल्याशिवाय मला काही कळवायचं नव्हतं.

आधी मुख्य गोष्ट. वार्षिक सीटीसी ८,४०,००० रुपयेच राहील. तुम्ही मागितलेले ९,६०,००० आम्ही देऊ शकत नाही आणि मधला एखादा आकडाही सुचवत नाही. आकडा ताणून बघू, असं तुमच्या मनात राहू नये म्हणून हे सुरुवातीलाच लिहिते आहे.

कारण असं. तुमच्याच ग्रेडमध्ये, तुमच्याइतकाच पाच-सहा वर्षांचा अनुभव असलेले दोन इंजिनिअर आज लाइनवर आहेत. दोघांचाही पगार तुम्हाला दिलेल्या ऑफरच्या आसपास आहे. उद्या तुम्ही त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणार, त्याच कस्टमरच्या ऑडिटला तिघं मिळून सामोरे जाणार. तुम्हाला एक लाख वीस हजार जास्त द्यायचे, तर त्यांनाही द्यावे लागतील आणि तेवढी तरतूद या वर्षीच्या बजेटमध्ये नाही. त्यांना न देता फक्त तुम्हाला द्यायचे, हे मला पटत नाही. नवीन माणसाला जास्त आणि जुन्याला कमी, यावरून चांगली टीम फुटताना मी पाहिली आहे. पुढे दोन वर्षांनी तुमच्यानंतर कोणी आलं, तर तुमच्याशीही आम्ही असंच वागू.

'नागपुरात खर्च कमी, म्हणून पगार कमी चालेल' असं मी म्हणणार नाही. पुण्याचं भाडं वाचतं हे खरं, पण गाडीचा हप्ता आणि बाबांच्या औषधांचा खर्च गाव बघून कमी होत नाही. पुण्याच्या कंपनीने तुम्हाला ९,६०,००० देऊ केले आहेत, त्यावरही माझा विश्वास आहे. त्याचं पत्र मागणार नाही.

आता काय बदलता येईल ते. यात आम्ही खरंच मोकळे आहोत.

तुमची सगळ्यात मोठी अडचण मला वाटतं एप्रिलची आहे. आमच्याकडे १ ऑक्टोबरनंतर रुजू झालेल्यांना पुढच्या एप्रिलची पगारवाढ मिळत नाही. म्हणजे १ डिसेंबरला आलात तर जवळपास दीड वर्ष त्याच पगारावर. हे तुम्ही मेलमध्ये लिहिलं नाही, पण ऑफर लेटर वाचताना लक्षात आलंच असेल. तुमच्यासाठी पहिला रिव्ह्यू सहा महिन्यांनी, १ जूनला ठेवू. निकष आताच लेखी देऊ: नव्या गिअर हाउसिंगचा पीपीएपी वेळेत मंजूर होणं, तुमच्या लाइनवरच्या कस्टमर तक्रारींची ८डी उत्तरं मुदतीत जाणं, आणि गेज कॅलिब्रेशनची नोंद पूर्ण असणं. हे झालं की जूनपासून सीटीसी ९,००,०००. आधीच्या दोघांनाही पहिली वाढ अशाच पद्धतीने मिळाली होती, त्यामुळे ती तुम्हाला देताना मला कोणाला काही समजावावं लागणार नाही.

कॅलिब्रेशन मुद्दाम घातलं आहे. प्लांट बघायला आलात तेव्हा बोअर गेज हातात घेऊन तुम्ही आधी त्यावरच्या स्टिकरची तारीख वाचलीत आणि ती उलटून गेली आहे हे शांतपणे सुपरवायझरला दाखवलंत. त्याच दुपारी तो गेज वापरातून काढला. इंटरव्ह्यूमधल्या कोणत्याही उत्तरापेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटलं.

दुसरं, एकरकमी ५०,००० रुपये. ते जॉइनिंग बोनस म्हणून पहिल्या पगारासोबत घ्या, किंवा तुमच्या ६० दिवसांच्या नोटीसपैकी काही दिवस विकत घ्यायला वापरा. घाई आमच्याकडून नाही, १ डिसेंबर चालेल. वर्षाच्या आत सोडलंत तर ही रक्कम परत करावी लागेल. सामान हलवण्याचा खर्च यात धरलेला नाही. ट्रान्सपोर्टचं बिल द्या, २५,००० पर्यंत वेगळे देऊ.

तिसरं, हातात येणारी रक्कम. बेसिक महिन्याला ३५,००० आहे. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर ठेवला, म्हणजे तुमचे १,८०० आणि आमचे १,८००, तर ग्रॅच्युइटी आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स वजा जाता हातात साधारण ६४,५०० येतील. पूर्ण बेसिकवर घेतला तर दोन्हीकडून ४,२०० जातील आणि हातात ५९,७०० च्या आसपास. फरकाचे ४,८०० तुमच्याच पीएफ खात्यात जमा होतात, पण दर महिन्याला हप्ते असताना तो फरक जाणवतो. नव्या करप्रणालीत सध्या पगारदारांना १२,७५,००० पर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळे यावर टीडीएस कापला जाणार नाही. फक्त आताच्या कंपनीतलं या वर्षीचं उत्पन्न रुजू होताना आम्हाला कळवा. पीएफचा पर्याय तुम्ही निवडा, पण रुजू होण्याआधी. नंतर कमी करता येणार नाही.

शनिवारचंही बोलले. दुसरा आणि चौथा शनिवार सगळ्यांनाच सुट्टी असते. बाबांच्या डायलिसिससाठी आणखी एक सकाळ लागते असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. आठवड्यातून एक दिवस ११ ला आलात आणि संध्याकाळी तेवढा वेळ भरून काढलात तर हेडची हरकत नाही. हे ऑफर लेटरमध्ये लिहून देऊ, म्हणजे हेड बदलले तरी तुम्हाला पुन्हा परवानगी मागावी लागणार नाही. येण्याजाण्यासाठी सीताबर्डीहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे आणि तिथून जनरल शिफ्टसाठी कंपनीची बस.

घरून काम मात्र जमणार नाही. पार्ट लाइनवर असतो, तो बघणाऱ्याला तिथेच असावं लागतं. पदनाम 'असिस्टंट मॅनेजर' करायची तुमची विनंतीही आता मान्य करता येत नाही, कारण त्या ग्रेडला चार माणसांची टीम सांभाळावी लागते आणि तशी जागा रिकामी नाही.

यातलं तुम्हाला काय हवं ते शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा. सुधारित ऑफर लेटर शनिवारी पाठवते. त्याआधी बाबांशी किंवा आणखी कोणाशी बोलायचं असेल तर जरूर बोला. गुरुवारी दुपारी दोन ते चार मी मोकळी आहे, फोन करा. हिशेबाचा कागद समोर ठेवून बसते, एकेक ओळ मिळून बघू. पुण्याची ऑफर घ्यायचं ठरलं तर तेही मोकळेपणी सांगा, म्हणजे मला पुढच्या उमेदवाराला ताटकळत ठेवावं लागणार नाही. तुम्ही यावं असं मात्र आम्हा तिघांनाही मनापासून वाटतं.

आपली,
अनघा
मनुष्यबळ विभाग, हिंगणा एमआयडीसी, नागपूर