फरार! पुस्तकबुडव्या इसम पाहिजे आहे

सर्व वाचकांना आणि विशेषतः ज्यांच्या घरी उघडे कपाट आहे अशांना कळविण्यात येते की, गेल्या सहा वर्षांत पाच मित्रांकडून एकूण तेवीस पुस्तके 'दोन दिवसांत देतो' या एकाच आश्वासनावर नेऊन त्यांपैकी एकही परत न करणारा सदर इसम आम्हा फिर्यादींना हवा आहे. त्याचे खरे नाव आमच्या ओळखीत सर्वांना पाठ असल्यामुळे येथे छापलेले नाही. टोपणनावे मात्र 'नुसतं चाळतो', 'शेवटचं प्रकरण राहिलंय' आणि 'अरे, ते तुझं होतं का?' अशी तीन आहेत.

वर्णन

उंची मध्यम, चष्मा जाड, चेहरा निष्पाप. पुस्तकांच्या कण्यांवरील नावे वाचून वाचून मान उजवीकडे किंचित कललेली असून ती बोलतानाही सरळ होत नाही. खांद्याला कापडी पिशवी असते, जी येताना रिकामी आणि जाताना चौकोनी दिसते.

गुन्ह्याची पद्धत

आरोपी कधीही पुस्तक मागण्यासाठी येत नाही. तो प्रकृतीची चौकशी करायला येतो. यजमान पाणी आणायला आत गेले की तो कपाटापाशी उभा राहतो, हव्या त्या पुस्तकाच्या माथ्यावर बोट ठेवून ते अलगद बाहेर ओढतो आणि शेजारची दोन पुस्तके एकमेकांवर अशी टेकवून ठेवतो की मधली फट आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नाही. पकडला गेलाच, तर एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी 'पुस्तके वापरासाठी आहेत' हे पहिले सूत्र तो तोंडावर फेकतो. त्याच पाचांतील 'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथे सूत्र त्याला आजवर कधीही आठवलेले नाही.

मुद्देमाल

सगळी यादी देण्याइतकी जागा नाही, आणि काही नावे लिहितानाच फिर्यादींचा कंठ दाटून येतो. तरीही त्रिखंडी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाचा उल्लेख टाळता येत नाही. तो गेल्यापासून मालकाला 'च' ते 'ब' या अक्षरांपासून सुरू होणारा एकही शब्द पाहता येत नाही, आणि 'परत' हा शब्द नेमका त्याच खंडात आहे. दुसऱ्या फिर्यादीची रहस्यकादंबरी पान २१२ वर, खूण घातलेल्या अवस्थेत उचलली गेली. तिची आठवण करून दिली की आरोपी शांतपणे 'खुनी कोण ते सांगून टाकू का?' असे विचारतो, ज्याला आम्ही खंडणीची धमकी समजतो. तिसऱ्याच्या कार्डावर नेलेले ग्रंथालयाचे पुस्तक अद्याप आरोपीकडे आहे. दंडाच्या नोटिसा मात्र नियमितपणे कार्डधारकाकडे येतात.

ठावठिकाणा

आरोपी आपल्याच घरी राहतो, आणि तपासातील खरी अडचण तीच आहे, कारण तेथे जाऊन त्याच्याशी भांडणे आजवर कोणालाही जमलेले नाही. गेल्या महिन्यात एका फिर्यादीने केलेल्या पाहणीत तेवीसपैकी एकोणीस पुस्तके तपकिरी कागदाची नवी वेष्टणे घालून, कोपऱ्यात बारीक अक्षरांत अनुक्रमांक टाकून, धूळ पुसून ओळीने लावलेली आढळली. (मालकाच्या घरी त्यांची एवढी निगा कधीच राखली गेली नव्हती, हे फिर्यादीने नाइलाजाने नमूद केले आहे.) त्यांतले एक वाचायला मागताच आरोपीने कपाटाला कुलूप लावले आणि म्हणाला, "राग मानू नकोस, पण मी पुस्तकं बाहेर देत नाही. लोक परत करत नाहीत."

सूचना

हा इसम आढळल्यास त्याला एकट्याने पकडण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम आपल्या हातातील पुस्तक पाठीमागे घ्यावे आणि 'हे वाचलंस का?' हा प्रश्न चुकूनही तोंडातून काढू नये. पत्नीच्या किंवा मुलांच्या नावावर पुस्तक मागितले गेल्यास तेही आरोपीसाठीच आहे असे धरून चालावे.

बक्षीस

उरलेल्या चार पुस्तकांची माहिती देणाऱ्यास, ती हाती लागल्यावर, सर्वांआधी वाचण्याचा मान मिळेल. मात्र वाचन फिर्यादीच्या घरी, फिर्यादीच्या खुर्चीत आणि फिर्यादीच्या देखत करावे लागेल.

आरोपीस शेवटची संधी म्हणून कळविण्यात येते की, त्याने येत्या रविवारपर्यंत सर्व पुस्तके रात्री दाराशी ठेवून, बेल वाजवून निघून जावे. कोणीही दार उघडण्याची घाई करणार नाही. वेष्टणे काढण्याची गरज नाही.

— पाच फिर्यादी

ता. क. या पत्रकाची मूळ प्रत आरोपीनेच 'शुद्धलेखन तपासून उद्या देतो' असे सांगून तीन आठवड्यांपूर्वी नेली आहे. प्रस्तुत मजकूर आठवणीतून पुन्हा लिहिला असल्यामुळे त्यात राहिलेल्या चुकांची जबाबदारी त्याचीच धरण्यात यावी.